‘जेजुरी’ एका पानात कशी मावते?

परीक्षा पंधरा दिवसांवर आली की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद हातोहात फिरायला लागतो. तो कुणी लिहिला हे कुणालाच माहीत नसतं. सीनियरकडून ज्युनिअरकडे, त्या ज्युनिअरकडून पुढच्या बॅचकडे, असा तो वर्षानुवर्षं चालत आलेला असतो. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’वरच्या अशा कागदावर साधारण चार ओळी असतात. प्रतिमा : दगड, पडकी देवळं, उजाड डोंगर. सूर : उपरोधिक. रचना : मुक्तछंद, एकतीस कविता. विषय : श्रद्धेचा ऱ्हास. खाली दोन ओळी पाठ करायला. झालं!

यातला एकही शब्द तसा चूक नाही. तरीही हा कागद पाठ करून लिहिलेलं उत्तर सपक होतं आणि शंभर जणांचं एकसारखंच होतं. दुसरा परिणाम जास्त वाईट आहे. हा कागद वाचून पोरं ठरवून टाकतात की कोलटकरांनी खंडोबाची खिल्ली उडवली आहे. आपल्याकडे बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला जाणारी, घरात लग्नानंतर जागरण-गोंधळ घालणारी मुलं वर्गात असतातच. एमए इंग्लिशच्या एका मित्राने मला सरळ विचारलं, “काय बे, आपल्या कुलदैवताची थट्टा आपणच पाठ करायची आणि मार्क मिळवायचे?” त्याचा प्रश्न रास्त आहे. पण तो कवितेला विचारण्याआधी त्या झेरॉक्सला विचारायला हवा, कारण थट्टेच्या पुढे कविता कुठे जाते ते त्या कागदावर नाहीच.

म्हणून हा लेख. दीर्घ कवितेच्या विश्लेषणाचं एक पान करायचं, त्यात प्रतिमा, सूर, रचना आणि उद्धृत करण्याजोग्या ओळी हे चार कप्पे ठेवायचे, आणि तरीही कविता हरवू द्यायची नाही. हे कसं करायचं ते ‘जेजुरी’वरच करून पाहू.

आधी ओळख, थोडक्यात

कोलटकर कोल्हापूरचे. जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून त्यांनी नाव कमावलं आणि मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहिली. भाऊ मकरंद आणि कवी मित्र मनोहर ओक यांच्यासोबत ते जेजुरीला गेले होते. त्या भेटीतून पुढे हे इंग्रजी पुस्तक आकाराला आलं. १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १९७७ मध्ये त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. एवढी माहिती प्रस्तावनेच्या दोन वाक्यांसाठी पुरते. परीक्षेत कवीचं चरित्र अर्धं पान लिहिणाऱ्याला त्या अर्ध्या पानाचे मार्क क्वचितच मिळतात.

‘जेजुरी’ हे एकतीस छोट्या-मोठ्या कवितांचं पुस्तक आहे. मग तिला दीर्घ कविता का म्हणायचं? कारण या कविता सुट्या नाहीत. एक प्रवास आहे, एक पाहणारा आहे आणि एक दिवस आहे. हे लक्षात आलं की पानाची सुरुवात कुठल्या कप्प्यापासून करायची तेही कळतं.

पहिला कप्पा : रचना

बहुतेक नोट्स प्रतिमांपासून सुरू होतात, कारण प्रतिमा चटकन सापडतात. पण दीर्घ कवितेत आधी रचना लिहावी. रचना म्हणजे खुंट्या. बाकीचे तिन्ही कप्पे त्यांवर टांगायचे असतात. खुंट्याच नसतील तर ‘दगड, देवळं, डोंगर’ असा नुसता ढीग होतो.

पहिल्या वाचनात काहीही अधोरेखित करू नका. फक्त प्रत्येक कवितेसमोर समासात पेन्सिलीने चार-पाच शब्द लिहा : कोण, कुठे, काय झालं. ‘द बस’ : ताडपत्रीने खिडक्या झाकलेली एसटी, बाहेरचं दिसत नाही, सूर्य उगवतो. ‘द प्रीस्ट’ : पुजारी यात्रेकरूंच्या गाडीची वाट बघतोय. ‘मनोहर’ : देऊळ समजून आत डोकावला, गोठा निघाला. शेवटी ‘द रेल्वे स्टेशन’ : गाडीची वाट बघणं, सूर्य मावळतो. एकतीस कवितांना दीड तास पुरतो.

आता ही समासातली टिपणं सलग वाचा. पहिली गोष्ट लगेच दिसते. पुस्तक सूर्योदयाला एसटीत सुरू होतं आणि सूर्यास्ताला रेल्वे स्टेशनवर संपतं. म्हणजे घाट तीर्थयात्रेचा आहे : येणं, दर्शन, परतणं. फक्त दर्शनाच्या ठिकाणी सरळ दर्शन नाही. तिथे पडका खांब आहे, कोरडा नळ आहे, एका बिजागरीवर लटकणारं दार आहे.

दुसरी गोष्ट सापडायला पुन्हा एकदा नजर फिरवावी लागते. एकच प्रसंग तीनदा घडतो. पाहुणा प्रश्न विचारतो आणि स्थानिक माणूस उत्तर देतो किंवा टाळतो. ‘अ लो टेंपल’मध्ये अंधाऱ्या देवळात काडी पेटवून पाहुणा मूर्तीचे हात मोजतो. अठरा भरतात, पण पुजाऱ्यासाठी देवी अष्टभुजाच राहते. ‘द प्रीस्ट्स सन’मध्ये पुजाऱ्याचा मुलगा डोंगर म्हणजे खंडोबाने मारलेले राक्षस आहेत असं सांगतो. तुझा खरंच विश्वास आहे का, असं विचारल्यावर तो खांदे उडवतो आणि भलतीकडेच बोट दाखवतो. ‘द ब्लू हॉर्स’मध्ये गाण्यातला घोडा निळा असतो, भिंतीवरच्या चित्रातला पांढरा. विचारल्यावर पुजारी सांगतो की त्याला तर तो निळाच दिसतो.

हे तीन प्रसंग पुस्तकात एकमेकांपासून बरेच लांब आहेत. त्यांना एका ओळीत आणणं हेच सारांशाचं काम. ‘एकतीस कविता, मुक्तछंद’ ही माहिती झाली. ‘एका दिवसाच्या यात्रेचा घाट आणि त्यात तीनदा येणारी प्रश्न-उत्तराची गाठ’ हे विश्लेषण झालं. शब्द जवळपास तेवढेच लागतात.

दुसरा कप्पा : प्रतिमा

प्रतिमांच्या कप्प्यात सगळ्यात जास्त गर्दी होते. ‘जेजुरी’त कुत्री आहेत, उंदीर आहे, फुलपाखरू आहे, कासव आहे, दगड आहेत, दारं आहेत. सगळं लिहिलं तर पान तिथेच संपेल. त्यामुळे नियम एकच ठेवा. एकदाच येणारी प्रतिमा सोडा. जी पुन्हा येते आणि येताना बदलते, ती घ्या. अशा दोन-तीन पुरेत.

पहिली घेऊ या अदलाबदलीची. या गावात एक वस्तू सतत दुसरीच निघते. उंबरा वाटतो तो आडवा पडलेला खांब असतो. देऊळ वाटतं तो गोठा असतो. ‘हार्ट ऑफ रूइन’मध्ये मारुतीच्या देवळाचं छप्पर कोसळलंय आणि तिथे एका कुत्रीने पिल्लं घातली आहेत. इथे झेरॉक्सवाला ‘ऱ्हास’ असं लिहून पुढे जातो. पण या कवितेचा शेवट नीट वाचा. ती जागा आता पूजेची राहिली नाही हे मान्य करून कवी तिचा दर्जा खाली आणत नाही, उलट वर नेतो. पडझड आणि पावित्र्य एकाच वाक्यात बसवलं आहे. ‘ऱ्हास’ या एका शब्दाने त्यातलं अर्धंच पकडलं जातं.

ही अदलाबदल पुढे उलट्या दिशेनेही होते, आणि तीच खरी मजा आहे. स्टेशनवर पोचल्यावर देवळातली सगळी भाषा तिथे आलेली दिसते. इंडिकेटर संतासारखा अंतर्मुख झालाय. फलाटावरचं लूत लागलेलं कुत्रं तीनशे वर्षं तपश्चर्या करतंय. चहावाल्या पोराने मौनव्रत घेतलंय. दिवसभर देवळात शंका घेत फिरलेल्या पाहुण्याचं इथे काय होतं? पुढची गाडी कधी, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून नवस बोलायची पाळी येते. बकरं, नारळ, सोन्याची खेळण्यातली गाडी, सगळं कबूल. देवळात देव शोधताना दगड सापडले आणि स्टेशनात वेळापत्रक शोधताना नवस सुचले. प्रतिमांच्या कप्प्यात हे एक वाक्य असलं तर परीक्षकाला कळतं की पोराने शेवटपर्यंत वाचलंय.

दुसरी प्रतिमा उजेडाची. एसटीतला पहिला किरण ताडपत्रीच्या बारीक भोकातून येतो, अगदी मोजूनमापून. देवळात काडीचा उजेड असतो, तोही क्षणभर टिकतो आणि विझतो. म्हणजे पाहुण्याला जे दिसतं ते तुकड्यातुकड्यांनी दिसतं. शेवटी मात्र मोकळ्या माळावर चाकाएवढा सूर्य रुळांच्या टोकाशी टेकतो. एकदाचं सगळं दिसतं तेव्हा दिवस संपलेला असतो. प्रतिमा लिहिताना अशी जोडी लिहावी : सुरुवातीला कशी होती, शेवटी कशी झाली. मध्ये एक बाण काढला तरी चालेल.

तिसरा कप्पा : सूर

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण आपण सूर एका विशेषणात सांगतो. ‘उपरोधिक’. चार ओळींच्या चारोळीला ते चालेल. एकतीस कवितांच्या पुस्तकात सूर एकच राहिला असता तर दहाव्या कवितेला आपण पुस्तक मिटलं असतं. सूर हा शब्दात नाही, आलेखात लिहावा. कागदावर आडवी रेघ ओढा. डावीकडे बस, उजवीकडे स्टेशन. त्यावर फक्त अशा जागा मांडा जिथे सूर मोडतो. ‘जेजुरी’त मला चार सापडतात.

सुरुवातीचा सूर कोरडा, चलाख, थोडा टवाळ आहे. ‘द प्रीस्ट’मध्ये पुजाऱ्याच्या डोक्यात पुरणपोळी आहे आणि बस तोंडात यात्रेकरू धरून उभ्या असलेल्या मांजरासारखी दिसते. इथे ‘उपरोधिक’ शंभर टक्के बरोबर.

पहिला मोड ‘ॲन ओल्ड वुमन’ला येतो. पन्नास पैशांसाठी एक म्हातारी बाही धरून मागे लागते. पाहुणा वैतागतो आणि तिला एकदाचं गप्प करायला वळतो. मग ती या ओसाड डोंगरांवर म्हातारीने दुसरं करायचं काय, अशा अर्थाचा साधा सवाल करते. तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांच्या भेगा तिच्या कातडीबाहेर पसरत जातात, डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ काचेसारखं फुटतं. उभी राहते ती म्हातारी. आणि पाहुणा? तिच्या हातातल्या सुट्या पैशांइतका छोटा होतो. टवाळी करणाऱ्याचाच इथे हिशेब झाला. ही कविता ‘उपरोधिक’ या खणात बसवूनच दाखवा.

दुसरा मोड ‘द बटरफ्लाय’. आधीच्या कवितेत पुजाऱ्याच्या मुलाला विश्वासाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने उत्तर देण्याऐवजी गवतातलं फुलपाखरू दाखवलं होतं. त्याच फुलपाखराला पुढची पूर्ण कविता मिळते. त्याच्यामागे दंतकथा नाही, भूतकाळ नाही, ते फक्त आहे. सूर इथे हलका आणि आश्चर्याने भरलेला होतो.

तिसरा मोड ‘बिट्वीन जेजुरी अँड द रेल्वे स्टेशन’. कविता आधी टुरिस्टच्या माहितीपत्रकासारखी आकडे देते : त्रेसष्ट पुजारी, त्रेसष्ट घरं, खांब इतके, पायऱ्या इतक्या. मग स्टेशनच्या वाटेवर ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात. सात वर, पाच खाली. इथे शब्दही पानावर सरळ राहत नाहीत, वरखाली उडायला लागतात. कवी ग्राफिक डिझायनर होता हे इथे आठवावं, चरित्राच्या परिच्छेदात नाही. आणि गंमत बघा, मोजणं चालूच आहे. देवळात हात मोजले तेव्हा मोजण्यातून भांडण निघालं. इथे मोजलं तर नाच निघाला. आपण सोलापूरकर ज्वारीच्या जिल्ह्यातले. देवळात जे सापडलं नाही ते याला ज्वारीच्या रानात सापडलं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको!

चौथा मोड स्टेशनवरचा. वरवर पाहता सूर पुन्हा टवाळ होतो, पण आता टवाळीचं लक्ष्य पुजारी नाही, स्वतः पाहुणा आहे.

आता तो आलेख पाहा : टवाळी, धक्का, आश्चर्य, आनंद, स्वतःवरच हसू. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. थट्टा आहेच. पण थट्टा करणारा सहीसलामत सुटत नाही, आणि सगळ्यात मोठा आनंद त्याला त्याच गावाच्या वेशीबाहेर मिळतो.

सुराच्या कप्प्यात आणखी एक सूचना लिहून ठेवा : बोलतंय कोण? ‘मकरंद’मध्ये शर्ट काढून आत पूजेला जायला नकार देणारा एक आवाज आहे. ‘अ साँग फॉर अ वाघ्या’मध्ये ‘मी’ म्हणजे खंडोबाचा वाघ्या आहे. त्याचा विश्वास पक्का आहे. या दोघांचं बोलणं ‘कवी म्हणतो’ या एकाच वाक्यात कोंबलं की उत्तर स्वतःशीच भांडायला लागतं. ‘कवितेतला पाहुणा’, ‘वाघ्याचा आवाज’ असं लिहा.

समीक्षकही इथेच आणावेत, कारण त्यांचा वाद सुरावरूनच आहे. आर. पार्थसारथी यांना ही कविता श्रद्धा आणि शंका यांच्यामध्ये हेलकावणारी वाटली. भालचंद्र नेमाडे यांनी मात्र कोलटकर सुट्टीच्या दिवशी आलेल्या पर्यटकासारखे तिथे येऊन जातात, असा आक्षेप घेतला. दोन नावं, दोन वाक्यं, बास. त्यांच्यात पंच म्हणून ‘ॲन ओल्ड वुमन’ला उभं करा. पाहुणा पर्यटक आहे हे कविता नाकारत नाही, उलट तीच त्या पर्यटकाला सुटे पैसे करून टाकते. नेमाड्यांचा आक्षेप तेवढ्याने संपतो का, हे तुम्ही ठरवा. पण ठरवताना कवितेतली जागा दाखवता आली पाहिजे.

चौथा कप्पा : उद्धृत करण्याजोग्या ओळी

हा कप्पा सगळ्यात शेवटी भरायचा. पहिल्याच वाचनात आवडलेल्या ओळी उतरवून घेतल्या तर त्या सुविचारासारख्या सुट्या पडतात आणि उत्तरात कुठेतरी चिकटवाव्या लागतात. तिन्ही कप्पे भरल्यावर परत पुस्तकात जा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : ही किती कप्प्यांत बसते? एकाच कप्प्यात बसली तर सोडा. दोन किंवा तीन कप्प्यांत बसली तर घ्या.

ओळी मी इथे छापत नाही, त्या पुस्तकातूनच उतरवायच्या आहेत. जागा सांगते. ‘ॲन ओल्ड वुमन’चा अगदी शेवट : सुट्या पैशांची प्रतिमा आहे, सुराचा मोड आहे आणि पुस्तकभर चाललेल्या पाहुणा-स्थानिक जोडीचा निकालही आहे. तीन कप्पे, एक ओळ. ‘द ब्लू हॉर्स’मधलं पुजाऱ्याचं शेवटचं उत्तर : अगदी छोटं, पाठ करायला सोपं आणि तिसऱ्या प्रश्न-उत्तराच्या गाठीचं टोक. ‘हार्ट ऑफ रूइन’चा शेवट : अदलाबदलीची प्रतिमा आणि ‘ऱ्हास’ या शब्दाला दिलेलं उत्तर. आणि ‘द रेल्वे स्टेशन’च्या सहाव्या भागातली रुळांची ओळ : प्रतिमा आणि यात्रेच्या घाटाचा शेवट.

‘अ स्क्रॅच’मधली दगड आणि दंतकथा यांच्या नात्याची ओळ बहुतेक सगळ्या गाइडांत असते. ती वाईट नाही, चांगलीच आहे. पण शंभर पेपरांत तीच असते आणि बहुतेक वेळा ‘हीच कवितेची थीम’ असं लिहून सोडून दिलेली असते. घ्यायचीच असेल तर लगेच पुढे लिहा की पुस्तकात थोडं आधी दंतकथाच नसलेलं एक फुलपाखरू येऊन गेलंय. मग तीच ओळ तुमची होते.

उतरवण्याचे नियम साधे आहेत. ओळ अर्धीच घ्या, सात-आठ शब्दांपर्यंत, आणि आपल्या वाक्यात गुंफा. चार ओळी सलग उतरवल्या तर जागा भरते, मुद्दा भरत नाही. जिथे ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या. अवतरणचिन्हात फक्त कवीचे शब्द येतील. गाइडने सोप्या इंग्रजीत केलेला अर्थ अवतरणात टाकला तर तो कवीच्या नावावर खोटा शब्द होतो, आणि परीक्षकाने तो संग्रह दहा वर्षं शिकवलेला असतो. कवितेचं नाव न चुकता द्या. पाच-सहा तुकडे पाठ असले की पुरे.

आता ते एक पान

सगळं जोडलं की पान असं दिसतं.

रचना : सूर्योदय (बस) ते सूर्यास्त (स्टेशन), यात्रेचा घाट. तीन प्रश्न-उत्तरं : देवीचे हात, डोंगर-राक्षस, निळा घोडा. प्रत्येक वेळी पाहुण्याचा पुरावा एकीकडे, स्थानिकाचा शब्द दुसरीकडे.

प्रतिमा : अदलाबदल – खांब/उंबरा, गोठा/देऊळ, शेवटी स्टेशन/देऊळ. उजेड – ताडपत्रीचं भोक, काडी, मग मोकळा सूर्य.

सूर : टवाळ, मग म्हातारी (धक्का), फुलपाखरू (आश्चर्य), ज्वारीचं रान (आनंद), स्टेशन (स्वतःवर हसू). आवाज वेगळे : पाहुणा, मकरंद, वाघ्या. वाद : पार्थसारथी / नेमाडे.

ओळी : म्हातारी-शेवट, निळा घोडा-शेवट, पडकं देऊळ-शेवट, रूळ.

शंभरेक शब्द झाले. झेरॉक्सच्या कागदापेक्षा फार मोठं नाही. फरक असा की इथे प्रत्येक शब्दामागे पुस्तकातली एक जागा आहे. तपासायची युक्तीही हीच. पानावरच्या प्रत्येक वाक्यातून ‘जेजुरी’ हे नाव काढा आणि दुसऱ्या एखाद्या आधुनिक कवितेचं नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटलं तर ते खोडा. ‘सूर उपरोधिक आहे’ हे वाक्य कुठेही चिकटतं. ‘सात वर, पाच खाली’ दुसरीकडे कुठेच चिकटत नाही.

पेपरात प्रश्न कसाही फिरवून येतो, तिथे हे पान कामाला येतं. ‘श्रद्धा आणि संशय’ असा प्रश्न आला तर रचनेतल्या तीन गाठींनी सुरुवात करा, सुराच्या आलेखातले दोन मोड घ्या, नवसाच्या प्रसंगावर संपवा. ‘प्रतिमासृष्टी’ असा आला तर अदलाबदलीने सुरुवात करून स्टेशनापर्यंत जा. पाच मार्कांची टीप ‘ॲन ओल्ड वुमन’वर आली तर ती कविता एकटी सोडू नका. तिच्या आधी पाहुणा किती ऐटीत होता ते एका वाक्यात सांगा, नाहीतर त्याच्या छोटं होण्याला अर्थ उरत नाही. पान तेच राहतं, फक्त आत शिरायचं दार बदलतं.

याची एक मर्यादाही माहीत असावी. हे पान वाचलेल्या माणसासाठी असतं. ‘म्हातारी-शेवट’ हे दोन शब्द ज्याने कविता वाचली त्याच्यासाठी पूर्ण प्रसंग उघडतात. न वाचलेल्यासाठी ते दोनच शब्द राहतात. म्हणून असं पान मित्राला झेरॉक्स करून दिलं तर त्याचा फारसा फायदा होत नाही. त्याला पुस्तक द्या. एकतीस कवितांना दीड तास लागतो, आणि समासात लिहायला पेन्सिल.

माझा तो मित्र सध्या स्टेशनच्या कवितेपर्यंत पोचलाय. काल त्याचा मेसेज आला : “ते कुत्रं तीनशे वर्षं तप करतंय म्हणे. आपल्या स्टेशनवरचं किती वर्षांपासून असेल बे?”